लेखाची पोस्टमालिका करताना: क्रम न मोडता तुकडे कसे पाडावेत

लिहून झालेल्या लेखाची छोट्या पोस्टची मालिका, म्हणजे ज्याला सर्रास थ्रेड म्हटले जाते ती, तयार करताना दोन अपेक्षा एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. पहिली अपेक्षा अशी, की प्रत्येक पोस्ट स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, कारण मालिकेतील पाचवी पोस्ट कोणीतरी पुढे पाठवतो आणि ती ज्याच्यासमोर येते त्याने आधीच्या चार पाहिलेल्या नसतात. दुसरी अपेक्षा अशी, की पहिल्या पोस्टपासून वाचत आलेल्याला मूळ लेखाचाच क्रम आणि त्याच लेखाचा ओघ मिळाला पाहिजे. लेखात ओघ निर्माण करणारे शब्द म्हणजे ‘त्यामुळे’, ‘परंतु’, ‘तो’, ‘तिचे’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’. आणि पोस्ट एकटी पडली की सर्वांत आधी निरर्थक होतात तेही हेच शब्द. म्हणून हे काम केवळ कापण्याचे नसून कापल्यानंतर प्रत्येक तुकड्याची सुरुवात नव्याने लिहिण्याचे आहे, आणि वेळही मुख्यतः तिथेच जातो.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे: चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, हे समजावून सांगणारा सहा परिच्छेदांचा लेख. विषय असा निवडला आहे की त्यात कारणांची साखळी आहे, रूढ गैरसमजांचे खंडन आहे आणि थोडा इतिहासही आहे. तुकडे पाडताना याच तिन्ही ठिकाणी सर्वाधिक गफलती होतात.

आधी मर्यादा मोजून घ्यावी

एक्सवर मोफत खात्याला एका पोस्टसाठी 280 चिन्हांची मर्यादा आहे. थ्रेड्सवर ती 500 आहे, मॅस्टोडॉनवर सर्व्हरने बदललेली नसेल तर 500, आणि ब्ल्यूस्कायवर 300. हे आकडे पाहून मराठीत लिहिणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता असते, कारण ‘चिन्ह’ म्हणजे काय हे सर्वत्र सारखे नाही. एक्सवर देवनागरीतील प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील न दिसणारा हलन्तसुद्धा स्वतंत्र मोजला जातो. ‘चंद्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो पाच चिन्हांचा आहे: च, अनुस्वार, द, हलन्त, र. ‘पृथ्वीभोवती’ या एका शब्दाची 11 चिन्हे होतात. ब्ल्यूस्कायची मोजणी मात्र दिसणाऱ्या अक्षरांवर आधारलेली आहे आणि काना-मात्रा तिथे त्या त्या अक्षरातच धरल्या जातात. त्यामुळे तोच शब्द तिथे साधारण निम्मी जागा घेतो. म्हणजे 280 आणि 300 हे आकडे शेजारी-शेजारी वाटले, तरी मराठी मजकुरासाठी दुसऱ्या ठिकाणी जवळपास दुप्पट जागा असते.

व्यवहारात 280 चिन्हांत मराठीचे चाळीस ते पंचेचाळीस शब्द बसतात. संस्कृतप्रचुर मजकूर असेल तर त्याहून कमी. मालिका एकाहून अधिक ठिकाणी टाकायची असेल, तर सर्वांत तोकडी मर्यादा धरूनच तुकडे पाडावेत, आणि तीही पूर्ण वापरू नये. क्रमांक, एखादा दुवा आणि शेवटच्या क्षणी सुचणारी दुरुस्ती यांसाठी जागा राखून 280 ऐवजी 240 ही मर्यादा मानणे सोयीचे पडते. दुवा कितीही लांब असला तरी एक्स त्याची 23 चिन्हे धरते, आणि इमोजीची दोन. हे दोन अपवाद सोडले तर पुढील छोट्या पायथन स्क्रिप्टने सर्व तुकड्यांची लांबी एकदम पाहता येते. सर्व पोस्ट `posts.txt` या एकाच फाइलमध्ये लिहाव्यात आणि दोन पोस्टच्या मध्ये `---` एवढीच ओळ ठेवावी.

```
import unicodedata
text = open("posts.txt", encoding="utf-8").read()
for i, p in enumerate(text.split("\n---\n"), 1):
    p = unicodedata.normalize("NFC", p.strip())
    print(i, len(p))
```

या मोजणीचा उपयोग शेवटी करायचा असतो. तुकडे कुठे पाडायचे हे लांबीवरून ठरवू लागलो, की पुढे जे घडते ते असे.

लांबीने कापल्यास काय होते

आपल्या लेखातील तिसरा परिच्छेद असा आहे, असे धरू:

‘चंद्राची नेहमी एकच बाजू पृथ्वीकडे असते, याचे कारण त्याला स्वतःभोवती फिरायला आणि पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करायला सारखाच वेळ लागतो. हा वेळ सुमारे 27.3 दिवसांचा आहे. हा योगायोग नव्हे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे चंद्राला किंचित फुगवटा आला आणि त्या फुगवट्यावर पडणाऱ्या ओढीने त्याचे फिरणे हळूहळू मंदावत या वेळेशी जुळले. यामुळे तो फिरतच नाही असे अनेकांना वाटते, पण तसे असते तर त्याच्या सर्व बाजू महिनाभरात आपल्याला दिसल्या असत्या. त्याची पलीकडची बाजू कायम अंधारात असते, असेही म्हटले जाते. परंतु तिच्यावरही तितकाच सूर्यप्रकाश पडतो. फक्त ती आपल्याला दिसत नाही.’

परिच्छेदाची एकूण लांबी साडेपाचशे चिन्हांच्या आसपास आहे, म्हणजे दोन पोस्टमध्ये तो जेमतेम मावतो. परंतु 280 चिन्हे मोजून कापला, तर पहिली पोस्ट ‘पडणाऱ्या ओढीने त्याचे’ येथे संपते आणि दुसरी ‘फिरणे हळूहळू मंदावत या वेळेशी जुळले’ अशी सुरू होते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्याने वाक्याच्या मध्यावर केलेला छेद फार महागात पडतो: पहिल्या तुकड्यात कोण आणि कशाने हे कळते, पण काय झाले ते कळत नाही, आणि दुसऱ्या तुकड्यात काय झाले ते कळते, पण कोणाचे ते कळत नाही. दोन्ही पोस्ट निरुपयोगी ठरतात.

मग वाक्याच्या शेवटी कापावे, असा सोपा उपाय सुचतो. तोही पुरेसा नाही. सहावे वाक्य, ‘त्याची पलीकडची बाजू कायम अंधारात असते, असेही म्हटले जाते’, एखाद्या पोस्टचे शेवटचे वाक्य झाले आणि त्याचे खंडन पुढच्या पोस्टमध्ये गेले, तर लेखकाने जी समजूत खोडून काढली तिचाच प्रसार त्याच्या नावाने होऊ लागतो. पोस्टचे चित्र काढून फिरवले गेले तर खंडन कधीच सोबत जाणार नाही. पोस्ट सुटी वाचली असता खोटी ठरते का, ही कसोटी ती सुटी वाचली असता अपुरी वाटते का, या कसोटीच्याही आधी लावली पाहिजे. अपुरी पोस्ट फार तर दुर्लक्षिली जाते. खोटी पोस्ट मात्र वाचली जाते आणि पुढेही जाते.

दाव्यांची यादी करावी

म्हणून कापण्यापूर्वी लेख पुन्हा वाचून प्रत्येक परिच्छेदासमोर त्यातले दावे एकेका ओळीत लिहून काढावेत. दावा म्हणजे ज्याविषयी ‘हे खरे आहे का?’ असे विचारता येईल असे विधान. वरील परिच्छेदात चार दावे आहेत: दोन्ही फेऱ्यांना सारखाच वेळ लागतो, हे फुगवट्यावरच्या ओढीमुळे घडले, चंद्र फिरतच नाही ही समजूत चुकीची आहे, पलीकडची बाजू अंधारात असते हीही समजूत चुकीची आहे. आठ वाक्ये, चार दावे, म्हणून चार पोस्ट. जागेच्या हिशेबाने दोन पुरल्या असत्या. पण मोकळी जागा राहिली म्हणून दुसरा दावा आत घालण्याचा मोह टाळावा. एका पोस्टमध्ये दोन दावे असले, की ती पुढे पाठवणाऱ्याला त्यातला एक पटलेला असतो आणि प्रतिसाद देणारा दुसऱ्यावर वाद घालत बसतो.

संपूर्ण लेखाची अशी यादी केली, की कोणता दावा कोणावर अवलंबून आहे हे बाणांनी दाखवावे. या लेखाच्या पुढील भागात तीन गोष्टी येतात. चंद्राचा पृष्ठभाग कालांतराने निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे 59 टक्के, पाहता येतो, कारण त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने कक्षेतला वेग कमी-जास्त होतो आणि स्वतःभोवतीचे फिरणे मात्र एकसारखे राहते. शिवाय त्याचा अक्षही किंचित कललेला आहे. पलीकडच्या बाजूची पहिली छायाचित्रे ऑक्टोबर 1959 मध्ये लुना 3 या सोव्हिएत यानाने घेतली. आणि त्या बाजूवर पहिले यान, चीनचे चांग-ई 4, जानेवारी 2019 मध्ये उतरले. यातील 59 टक्क्यांचा दावा ‘सारखाच वेळ लागतो’ या दाव्याशिवाय समजत नाही. लुना 3 चा दावा ‘पलीकडची बाजू’ म्हणजे काय हे ठाऊक असेल तरच कळतो. चांग-ई 4 चा दावा मात्र लुना 3 वर अवलंबून नाही. तो फक्त काळाने नंतरचा आहे.

ही बाणांची यादी म्हणजे क्रमाची परीक्षा असते. जिथे बाण आहे तिथे क्रम बदलता येणार नाही, आणि त्या पोस्टमध्ये आधीच्या दाव्याची आठवण एखाद्या उपवाक्यात तरी करून द्यावी लागेल. जिथे बाण नाही, तिथेही मूळ लेखाचा क्रमच ठेवावा. मालिकेसाठी ‘अधिक आकर्षक’ दावा पुढे आणण्याची सवय बरी नाही, कारण मालिका वाचून मूळ लेखाकडे वळलेल्या वाचकाला तिथे वेगळीच मांडणी दिसते आणि आपण काही वगळले की काय, असे त्याला वाटू लागते. एखादा बाण मागून पुढे न जाता पुढून मागे जात असेल, म्हणजे आधीच्या दाव्याला नंतर येणारी व्याख्या लागत असेल, तर दोष लेखाचा आहे. लेखात तो खपून जातो, कारण वाचक पान वर-खाली करू शकतो. मालिकेत तो खपत नाही. अशा वेळी ती व्याख्या, फार तर सहा-सात शब्दांत, आधीच्या पोस्टमध्येच घालावी आणि नंतर ती सविस्तर येऊ द्यावी.

सर्वनामे, गळालेले कर्ते आणि जोडशब्द

आता प्रत्यक्ष पुनर्लेखन. वरच्या परिच्छेदाच्या चार पोस्ट अशा होतात:

‘चंद्राची नेहमी एकच बाजू पृथ्वीकडे असते. कारण चंद्राला स्वतःभोवती एकदा फिरायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करायला लागतो: सुमारे 27.3 दिवस.’

‘चंद्राचे स्वतःभोवती फिरणे आणि पृथ्वीभोवतीची फेरी यांचा वेळ सारखा असणे हा योगायोग नव्हे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने चंद्राला किंचित फुगवटा आला. त्या फुगवट्यावरच्या ओढीने चंद्राचे फिरणे मंदावत गेले आणि अखेर दोन्ही वेळा जुळल्या.’

‘चंद्राची एकच बाजू दिसते म्हणून चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही, हा समज चुकीचा आहे. चंद्र फिरत नसता, तर पृथ्वीभोवतीच्या एका फेरीत त्याच्या सर्व बाजू आपल्याला दिसल्या असत्या.’

‘चंद्राची पलीकडची बाजू कायम अंधारात असते, हे खरे नाही. तिच्यावरही पृथ्वीकडच्या बाजूइतकाच सूर्यप्रकाश पडतो. ती आपल्याला दिसत नाही, एवढेच.’

यातील सर्वांत लांब पोस्ट, म्हणजे दुसरी, सव्वादोनशे चिन्हांच्या आसपास आहे. म्हणजे ठरवलेल्या 240 च्या आत. पण लांबीपेक्षा दुसऱ्या पोस्टचे पहिले वाक्य पाहावे. मूळ लेखात तिथे केवळ ‘हा योगायोग नव्हे’ असे तीन शब्द होते आणि ते पुरेसेही होते. पोस्टमध्ये ‘हा’ म्हणजे काय ते पूर्ण लिहावे लागले. असे लिहिताना एक दुहेरी काम साधते: नुकताच आलेला वाचक विषयात प्रवेश करतो, आणि पहिल्या पोस्टपासून वाचत आलेल्याला मागील पोस्टचा निष्कर्षच पुन्हा भेटतो व तिथून पुढे जाता येते. मागील पोस्टचे फलित नव्या पोस्टच्या पहिल्या उपवाक्यात ज्ञात गोष्ट म्हणून मांडणे, यालाच मी सांधा म्हणतो. स्वयंपूर्णता आणि क्रम यांच्यातील विरोध सुटतो तो या सांध्यामुळे. ‘त्यामुळे’ हा शब्द फक्त मागे बोट दाखवतो. सांधा मागची गोष्ट सोबत घेऊन येतो.

तिसऱ्या पोस्टमध्येही तेच केले आहे. मूळ वाक्य ‘यामुळे तो फिरतच नाही’ असे होते. ‘यामुळे’ आणि ‘तो’ हे दोन्ही शब्द जाऊन त्यांच्या जागी ‘चंद्राची एकच बाजू दिसते म्हणून चंद्र’ आले. सर्वनामांबाबत नियम सोपा आहे: पोस्टच्या पहिल्या वाक्यात सर्वनाम नको, नाम एकदा आले की त्याच पोस्टमध्ये पुढे सर्वनाम चालते. म्हणून तिसऱ्या पोस्टच्या शेवटी ‘त्याच्या सर्व बाजू’ आणि चौथीत ‘तिच्यावरही’ तसेच ठेवले आहे. प्रत्येक ठिकाणी नाम घातले, तर मजकूर सरकारी परिपत्रकासारखा वाचावा लागतो.

मराठीत एक अडचण याहून छुपी असते. आपण कर्ता सहज गाळतो. ‘नंतर पुन्हा तपासले. तेव्हा फरक दिसला.’ या दोन वाक्यांत कोणी तपासले, कशात फरक दिसला, हे लिहिलेले नाही, आणि लेखात तसे लिहिण्याची गरजही नसते. सर्वनाम डोळ्यांना दिसते म्हणून ते बदलणे लक्षात राहते. गळालेला कर्ता मात्र दिसतच नाही. तो शोधायचा तर प्रत्येक पोस्टमधील प्रत्येक क्रियापदाला ‘कोणी?’ आणि ‘काय?’ असे विचारून त्याचे उत्तर त्याच पोस्टमध्ये आहे ना, ते पाहावे लागते.

जोडशब्दांपैकी ‘परंतु’, ‘मात्र’, ‘तरीही’ हे विरोध दाखवणारे शब्द पोस्टच्या आरंभी असले, तर बहुधा छेद चुकीच्या जागी पडला आहे असे समजावे. ज्या विधानाला विरोध आहे ते आणि विरोध करणारे विधान एकाच पोस्टमध्ये असले पाहिजे. ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ यांच्या बाबतीत थोडी सवलत आहे: त्यांच्या जागी सांधा आणता येतो. ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘याखेरीज’ हे शब्द खुशाल काढून टाकावेत; मालिकेत पुढची पोस्ट आली यातच ‘शिवाय’ सांगितले गेलेले असते. ‘वर म्हटल्याप्रमाणे’ आणि ‘पुढे पाहू’ यांना मालिकेत स्थान नाही.

उलट बाजूने अतिरेकही होतो. प्रत्येक पोस्टमध्ये संपूर्ण पार्श्वभूमी पुन्हा सांगू लागलो, तर क्रमाने वाचणारा तिसऱ्या पोस्टपाशी कंटाळतो. सांधा एका उपवाक्याहून लांब नसावा. तो एका उपवाक्यात मावतच नसेल, तर त्या दाव्याला लागणारी पूर्वतयारी मोठी आहे आणि त्या दाव्याच्या आधी आणखी एक पोस्ट लागेल.

पहिली आणि शेवटची पोस्ट

लेखाचा पहिला परिच्छेद बहुधा प्रस्तावनेचा असतो आणि त्यात दावा नसतोच. तो पहिली पोस्ट म्हणून जसाच्या तसा चालत नाही. पहिल्या पोस्टमध्ये लेखाचा मुख्य प्रश्न आणि शक्य असेल तर त्याचे अर्धे उत्तर असावे: ‘चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, तरीही चंद्र स्वतःभोवती फिरतो. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असते, ते नऊ पोस्टमध्ये.’ मालिका किती लांब आहे हे येथेच सांगितलेले बरे. मूळ लेखाचा दुवा मी शेवटच्या पोस्टमध्ये देतो. तो पहिल्या पोस्टमध्ये दिला, तर मालिकाच केवळ लेखाची जाहिरात वाटू लागते आणि पुढच्या आठ पोस्ट कशासाठी आहेत, हा प्रश्न वाचकाला पडतो. शेवटच्या पोस्टमध्ये दुव्याबरोबर लेखात आहे पण मालिकेत घेतलेले नाही, अशा एखाद्या गोष्टीचा उल्लेख करावा.

क्रम प्रत्यक्षात कसा टिकतो

क्रमांकासाठी ‘3/9’ ही पद्धत रूढ आहे आणि ती पोस्टच्या आरंभी असावी असे माझे मत आहे, कारण मध्येच येऊन पोहोचलेल्याला हा भाग आहे आणि आधी दोन आहेत, हे वाचण्यापूर्वीच कळते. तिरप्या रेषेच्या पुढचा आकडा लिहायचा तर संपूर्ण मालिका आधी फाइलमध्ये तयार असावी लागते. एकेक पोस्ट सुचेल तशी टाकत गेल्यास ‘9/9’ नंतर दहावी येते.

परंतु क्रमांकाने क्रम फक्त सांगितला जातो. तो प्रत्यक्षात टिकतो उत्तरांच्या साखळीने. दुसरी पोस्ट पहिलीला उत्तर म्हणून, तिसरी दुसरीला उत्तर म्हणून, अशी प्रत्येक पोस्ट तिच्या लगतच्या आधीच्या पोस्टला जोडलेली असावी. नेहमी होणारी चूक म्हणजे सर्व पोस्ट पहिल्याच पोस्टला उत्तर म्हणून टाकणे. मग त्या सर्व एकमेकींच्या शेजारी येतात, साखळी राहत नाही, आणि कोणती वर दिसेल हे लेखक ठरवू शकत नाही. वाचकाला 1 नंतर 6, मग 3 दिसू शकते. चूक झाली आहे का, हे ओळखायचे तर मधली कोणतीही पोस्ट स्वतंत्र उघडावी: तिच्या वर लगतची आधीची पोस्ट दिसली पाहिजे. तिसरीच्या वर थेट पहिली दिसत असेल, तर साखळी तुटलेली आहे.

एक्सच्या लेखनचौकटीत अधिकचे चिन्ह दाबून सर्व पोस्ट आधी मांडता येतात आणि एकदम प्रसिद्ध करता येतात. तिथे ही जोडणी आपोआप होते आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणाचे उत्तर आत शिरत नाही. स्क्रिप्ट लिहून पोस्ट टाकणाऱ्यांनी मॅस्टोडॉनवर `in_reply_to_id` मध्ये दर वेळी नुकत्याच टाकलेल्या पोस्टचा क्रमांक द्यावा. ब्ल्यूस्कायवर `root` आणि `parent` असे दोन संदर्भ द्यावे लागतात: `root` नेहमी पहिल्या पोस्टचा, `parent` लगतच्या आधीच्या पोस्टचा. दोन्हींत पहिल्याच पोस्टचा संदर्भ गेला, तर वर सांगितलेलीच चूक होते.

जिथे साखळीची सोयच नाही आणि पोस्ट वेगवेगळ्या दिवशी जायच्या आहेत, तिथे क्रम व्यासपीठाच्या हाती असतो हे गृहीत धरावे. अशा ठिकाणी प्रत्येक पोस्टमध्ये आधीच्या पोस्टचा दुवा द्यावा, आणि बाण असलेले दोन दावे शक्यतो एकाच पोस्टमध्ये आणावेत.

प्रसिद्ध करण्यापूर्वीच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी शेवटाकडून वाचण्याची. नववी पोस्ट आधी, मग आठवी, असे वाचत गेले, की आधीचा मजकूर डोक्यात असल्याचा लेखकाला मिळणारा आधार निघून जातो आणि सुटे पडलेले ‘तो’ व ‘हा’ लगेच खुपतात. दुसरी चाचणी क्रमांक काढून टाकण्याची. क्रमांक पुसलेल्या पोस्ट विस्कटून, लेख न वाचलेल्या एखाद्या व्यक्तीला क्रमाने लावायला सांगाव्यात. जिथे बाण आहेत तिथे तिने मूळ क्रमच लावला, तर सांधे काम करत आहेत. चंद्राच्या उदाहरणात तिसरी आणि चौथी पोस्ट तिने उलटसुलट लावली तरी हरकत नाही, कारण दोन गैरसमजांत बाण नाही. पण दुसरी पहिलीच्या आधी लावली गेली, तर दुसरीचे पहिले उपवाक्य पुन्हा लिहावे.

काही लेख या चाचण्यांत कसेही लिहिले तरी टिकत नाहीत. शेवटच्या परिच्छेदात सारा अर्थ उलटवणारा उपरोधिक लेख, पाच-सहा अटी एकत्र धरल्या तरच खरा ठरणारा निष्कर्ष, आणि शेजारी-शेजारी पाहावा लागणारा तक्ता, यांचे तुकडे पाडू नयेत. त्यांची एकच पोस्ट करावी आणि दुवा द्यावा.

नंतर चूक सापडली तर

मधल्या पोस्टमध्ये चूक सापडली की ती काढून टाकून नवी टाकावी, असे वाटते. तसे केल्यास नवी पोस्ट साखळीच्या शेवटी जाते, मधली जागा रिकामी राहते आणि तिच्यापुढच्या पोस्ट तुटलेल्या दिसतात. जिथे पोस्ट संपादित करण्याची सोय आहे, तिथे ती वापरावी. मॅस्टोडॉनवर ती आहे, एक्सवर ती पैसे भरणाऱ्या खात्यांना मर्यादित वेळेपुरती मिळते. सोय नसेल, तर चुकीच्या पोस्टलाच उत्तर म्हणून दुरुस्ती टाकावी, आणि दुरुस्तीची ही पोस्टही स्वयंपूर्ण असावी: ‘मालिकेतील 6/9 मध्ये 95 टक्के असे पडले आहे. पृथ्वीवरून कालांतराने चंद्राचा सुमारे 59 टक्के पृष्ठभाग पाहता येतो.’ चूक जर पुढील पोस्ट ज्यावर आधारलेल्या आहेत अशा दाव्यातच असेल, तर एकच दुरुस्ती पुरत नाही. त्या पोस्टपासून पुढची संपूर्ण साखळी काढून पुन्हा टाकावी, आणि त्याच वेळी मूळ लेखातही तोच बदल करावा.